पगारपत्रकावरच्या पीएफच्या आकड्यावरून मूळ वेतन कसे काढावे?

सफाई, सुरक्षा, हाउसकीपिंग किंवा डेटा एन्ट्रीच्या कामावर कंत्राटदारामार्फत लागलेल्या अनेक तरुणांच्या हाती पडणारे पगारपत्रक फार त्रोटक असते. एकूण पगार, पीएफ कपात आणि हातात आलेली रक्कम एवढेच त्यावर छापलेले असते. मूळ वेतन किती, हे लिहिलेले नसते. पण ग्रॅच्युइटी मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर मोजतात आणि पीएफही त्यावरच कापला जातो. म्हणून हा आकडा माहीत असणे गरजेचे आहे. तो पीएफच्या ओळीतून उलट गणिताने निघतो. ते गणित आणि त्यात कुठे फसगत होते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

मूळ सूत्र

१९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यानुसार कामगाराच्या पगारातून साधारणपणे १२ टक्के कापले जातात. म्हणून:

पीएफ कपात ÷ ०.१२ = पीएफसाठी धरलेले वेतन

आलेले उत्तर म्हणजे नेहमी निव्वळ मूळ वेतन नसते. कायद्याप्रमाणे पीएफ मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांवर कापायचा असतो. महाराष्ट्रातल्या किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये महागाईशी जोडलेल्या या रकमेला ‘विशेष भत्ता’ म्हणतात. म्हणून आम्ही या उत्तराला ‘पीएफ वेतन’ म्हणू. महागाई भत्ता वेगळा दिला जात असेल, तर तो वजा केल्यावर मूळ वेतन उरते.

कपात पूर्ण रुपयात केली जाते, त्यामुळे उत्तरात चार-पाच रुपयांचा फरक पडू शकतो. त्याहून मोठा फरक मात्र केवळ पूर्णांकामुळे पडत नाही.

एक उदाहरण

समजा, एका हाउसकीपिंग कामगाराचा ठरलेला एकूण पगार १५,००० रुपये आहे. एप्रिलमध्ये पाच दिवस बिनपगारी रजा पडली. पत्रकावर एकूण पगार १२,५०० आणि पीएफ कपात ९६० रुपये आहे.

९६० ला ०.१२ ने भागले की ८,००० येतात. पण हे पूर्ण महिन्याचे वेतन नव्हे. पीएफ कमावलेल्या वेतनावर कापला जातो, म्हणून हा २५ दिवसांचा आकडा आहे. पूर्ण महिन्याचा आकडा काढताना कंपनी महिना किती दिवसांचा धरते, हे पाहावे लागते. काही ठिकाणी महिन्याचे सगळे दिवस धरतात, काही ठिकाणी २६. ३० धरले तर ८,००० × ३० ÷ २५ = ९,६०० येतात. २६ धरले तर पाच रजा वजा जाऊन २१ दिवस उरतात आणि ८,००० × २६ ÷ २१ = सुमारे ९,९०५ येतात. कोणते बरोबर, हे एकूण पगारावरून कळते. १५,००० चे २५/३० म्हणजे बरोबर १२,५००. म्हणजे येथे ३० दिवसांचा हिशेब आहे आणि पूर्ण पीएफ वेतन ९,६०० रुपये आहे. शक्य असेल तर एकही रजा नसलेल्या महिन्याचे पत्रक घ्यावे, म्हणजे ही पायरीच वाचते.

पासबुकाशी ताळा

आपला यूएएन क्रमांक वापरून passbook.epfindia.gov.in वर पासबुक उघडावे. तिथे दर महिन्याचे वेतन, कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा दिसतो. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनमध्ये आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफ खात्यात जातात. वरच्या उदाहरणात पेन्शनला ६६६ आणि मालकाच्या हिश्शात २९४ रुपये दिसले पाहिजेत. दोन्हींची बेरीज ९६० झाली, म्हणजे ताळा जुळला.

याच आकड्यांवरून कपातीचा दरही ओळखता येतो. २० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना आणि विडी, वीटभट्टी, काथ्या, ताग यांसारख्या काही उद्योगांत १२ ऐवजी १० टक्के दर चालतो. तिथे ०.१२ ऐवजी ०.१० ने भागावे. पेन्शनचा हिस्सा कामगाराच्या हिश्शाच्या साधारण ६९ टक्के असेल तर दर १२ टक्के असतो, ८३ टक्के असेल तर १० टक्के.

हे गणित कुठे फसते?

पहिली अडचण १,८०० या आकड्याची. १ सप्टेंबर २०१४ पासून पीएफसाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे आणि तिचे १२ टक्के म्हणजे १,८००. अनेक कंपन्या त्यापुढे कपात करत नाहीत. म्हणून कपात नेमकी १,८०० असेल, तर पीएफ वेतन १५,००० असू शकते किंवा ४०,००० सुद्धा. अशा वेळी नेमणूकपत्रच पाहावे लागते.

दुसरी अडचण स्वेच्छेने वाढवलेल्या पीएफची. कामगाराचा हिस्सा मालकाच्या दोन्ही हिश्शांच्या बेरजेपेक्षा जास्त दिसला, तर एक तर कामगार जास्त भरत आहे किंवा मालकाने आपला हिस्सा मर्यादेवरच थांबवला आहे. नेमके काय आहे हे कळेपर्यंत भागाकारावर विसंबू नये.

तिसरी अडचण गंभीर आहे. कधी कधी भागाकाराचे उत्तर एकूण पगारापेक्षाही मोठे येते. वरच्या कामगाराची कपात ९६० ऐवजी १,९२० असती, तर उत्तर १६,००० आले असते, तेही १२,५०० च्या पगारावर. हे शक्य नाही. याचा अर्थ मालकाचा हिस्साही कामगाराच्याच पगारातून कापला जात असावा. भविष्यनिर्वाह निधी योजनेच्या परिच्छेद ३१ ने हे स्पष्ट मनाई केलेले आहे. पासबुकात कामगाराच्या नावे ९६० आणि पत्रकावर १,९२० असे दिसले, तर शंकेला जागा उरत नाही.

उत्तर मिळाल्यावर काय पाहायचे?

आपल्या उदाहरणात १५,००० पैकी ९,६०० वरच पीएफ आहे. उरलेले ५,४०० कशाचे, हा प्रश्न विचारायचा. त्यातले ९०० घरभाडे भत्ता असेल, तर तो कायद्यानेच वगळलेला आहे. पण उरलेले ४,५०० ‘वाहन’, ‘धुलाई’, ‘इतर’ अशा नावांनी सगळ्याच कामगारांना सरसकट मिळत असतील, तर सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१९ चा विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणातील निकाल लागू पडतो. सर्वांना नियमित मिळणारे भत्ते हे मूळ वेतनाचाच भाग आहेत, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे. ज्यांचे पीएफ वेतन आधीच १५,००० च्या वर आहे, त्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. कमी पगाराच्या कामगाराला मात्र आहे.

त्या हिशेबाने पीएफ वेतन १४,१०० होते आणि पूर्ण महिन्याची कपात १,१५२ ऐवजी १,६९२. कामगाराच्या हातात ५४० रुपये कमी येतील हे खरे, आणि ते त्याला आधीच सांगावे. पण तेवढेच ५४० मालकालाही भरावे लागतील. वर्षाला ६,४८० रुपयांचा मालकाचा हिस्सा आज त्याच्या नावे जमाच होत नाही.

तक्रार करायची असेल तर निदान तीन महिन्यांची पगारपत्रके, नेमणूकपत्र आणि पासबुकाची प्रत एकत्र ठेवावी. तक्रार epfigms.gov.in वर नोंदवता येते. भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाला कलम ७-अ खाली चौकशी करून थकीत रक्कम ठरवण्याचा अधिकार आहे. अर्जात ‘पीएफ कमी कापतात’ एवढेच न लिहिता महिना, कपात, त्यावरून निघणारे वेतन आणि वगळलेल्या भत्त्यांची नावे व रकमा लिहाव्यात.