लीजाइल हा तिसरा रकाना नव्हे

लीन, अजाइल आणि लीजाइल पुरवठा साखळ्यांची तुलना करा, असा प्रश्न आला की उत्तरपत्रिकेत तीन रकाने आखले जातात. मीठ-साबणाला लीन, फॅशनच्या कपड्यांना अजाइल आणि या दोहोंच्या अधल्यामधल्या मालाला लीजाइल. या उत्तराला गुण मिळतात, तरी त्याचा तिसरा रकाना चुकीचा आहे.

पहिल्या दोन रकान्यांशी माझा वाद नाही. मार्शल फिशर यांनी १९९७ साली केलेली विभागणी आजही उपयोगी पडते. मागणी स्थिर आणि नफा थोडा असेल, तर उत्पादन व वाहतुकीचा खर्च कमी ठेवणारी साखळी हवी. मागणीचा अंदाज बांधता येत नसेल, तर माल पडून राहण्याचा किंवा ऐन वेळी संपण्याचा तोटा मोठा असतो; तिथे चपळाई परवडते.

मात्र नेलर, नईम आणि बेरी यांनी १९९९ साली लीजाइल मांडले ते मधल्या मालासाठी नव्हे. एकाच साखळीत एका बिंदूपर्यंत अंदाजावर चालणारे लीन काम करायचे आणि त्यापुढे प्रत्यक्ष ऑर्डरवर चालणारे अजाइल काम करायचे, अशी ती रचना आहे. त्या बिंदूला डिकपलिंग पॉइंट म्हणतात.

घराला लावायचा रंग घ्या. तो वर्षानुवर्षे खपतो, म्हणून तीन रकान्यांच्या हिशेबाने लीन ठरतो. पण गिऱ्हाईक नेमकी कोणती शेड मागेल, हे दुकानदाराला सांगता येत नाही. म्हणून कारखाना मोजके बेस मोठ्या प्रमाणात बनवतो आणि दुकानातले टिंटिंग मशीन गिऱ्हाइकासमोर त्यात रंगद्रव्य सोडते. इथे दुकानातला बेसचा साठा हाच डिकपलिंग पॉइंट.

फायदा आकड्यांत पाहू. समजा, एकाच बेसवर १०० शेड्स होतात आणि प्रत्येकीच्या साप्ताहिक मागणीचे प्रमाण विचलन ४ डबे आहे. तयार शेड्स ठेवल्या तर सुरक्षा साठा १०० × ४ = ४०० डब्यांच्या प्रमाणात लागतो. बेस ठेवला, तर √१०० × ४ = ४० च्या प्रमाणात. अट एवढीच की शेड्सची मागणी परस्परांवर अवलंबून नसावी. दिवाळीपूर्वी सगळ्याच शेड्स एकदम उठू लागल्या की ही बचत आटते.

यावर कोणी म्हणेल, मग कुठलाही माल लीजाइल करता येईल. तसे नाही. बऱ्याच प्रकारांना पुरेल असा सामाईक टप्पा लागतो. गडद शेडला वेगळा बेस लागतो, तिथे हा सामाईकपणा तुटतो. शिवाय बिंदूनंतरचे काम गिऱ्हाईक थांबेल तेवढ्या वेळात उरकले पाहिजे. दुकानात तयार शेड्सचे डबे साचू लागले, तर बिंदू चुकीच्या जागी आहे असे समजावे.

म्हणून उत्तरपत्रिकेत दोनच रकाने आखावेत. त्याखाली साखळीचे टप्पे ओळीने मांडून डिकपलिंग पॉइंट कुठे आणि का, हे लिहावे.