संमतीपत्र, परदेश प्रवासासाठी पालकाचे
अल्पवयीन मुलाला घेऊन आई किंवा वडील एकटेच परदेशी निघाले, तर मागे राहणाऱ्या पालकाने त्या प्रवासाला दिलेली लेखी परवानगी. पासपोर्टच्या अर्जासोबत दोघांच्या सहीचे अ‍ॅनेक्श्चर-डी जोडतात, ते निराळे. ‘तेव्हाच सह्या झाल्या, आता पुन्हा कशाला?’ हा नेहमीचा आक्षेप. पण ती संमती पासपोर्ट काढण्यापुरती असते. व्हिसा देणाऱ्याला किंवा परदेशी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला प्रश्न पडतो तो वेगळाच: दुसऱ्या पालकाला न सांगता तर मूल आणलेले नाही ना? म्हणून ‘केव्हाही, कुठेही नेण्यास हरकत नाही’ असे मोघम पत्र फारसे कामाचे नाही. जाण्यायेण्याच्या तारखा, देश आणि मुक्कामाचा पत्ता त्यात हवाच.

समजा, धरणगावची आई दिवाळीच्या सुटीत सात वर्षांच्या मुलाला घेऊन जर्मनीत भावाकडे निघाली आहे आणि कपाशीची वेचणी सुरू असल्याने वडील घरीच आहेत. पत्र इंग्रजीत करावे. मुलाचे व आईचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक, भावाचा पत्ता, वडिलांचा फोन एवढे त्यात यावे. सोबत नगरपरिषदेचा जन्मदाखला आणि वडिलांच्या ओळखपत्राची प्रत. घोळ बहुधा दोन ठिकाणी होतो. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि जन्मदाखल्यात सासरचे नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडल्याशिवाय नाते जुळत नाही. दुसरे म्हणजे वडील शेतातून सही करून कागद कुणाच्या तरी हाती पाठवतात आणि त्यावर शिक्का मारून आणला जातो. नोटरीसमोर सही झाली, एवढेच तो शिक्का सांगतो. सहीच समोर झाली नसेल तर शिक्क्यात उरले काय? नोटरीच्या नोंदवहीतला अनुक्रमांक पत्रावर आहे का, हे तिथेच पाहून घ्यावे.

‘बापाला बायकोची परवानगी कशाला?’ असेही विचारले जाते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडिलांचे नाव आधी आणि त्यांच्यानंतर आईचे आहे, हे खरे. मात्र ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये स्पष्ट केले. शिवाय परदेशी अधिकारी जन्मदाखल्यावरची दोन्ही नावे पाहतो. एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट झाला असेल तर ताब्याचा न्यायालयीन आदेश दाखवावा लागतो. आदेशात परदेशी नेण्याबद्दल काही अट असेल, तर ती आधी वाचावी.

या पत्राने ताब्याचा वाद मात्र मिटत नाही. पळवलेले मूल परत पाठवण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि अशा वादात परदेशी न्यायालयाच्या आदेशापेक्षा मुलाचे हित आधी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन खटल्यात म्हटले. परदेशात राहणारी आई मुलाला खानदेशात आजोळी आणते आणि परत जात नाही, तेव्हा पत्रातली परतीची तारीख मागे राहिलेल्या वडिलांच्या बाजूचा पुरावा ठरते. ती तारीख उलटल्यावर संमतीही उरत नाही.