‘आलो!’ की ‘जातो!’ : एका हाकेमागचा भाषेतिहास

१/ स्वयंपाकघरातून हाक येते, ‘पानं वाढली आहेत!’ मराठी घरात आतल्या खोलीतून उत्तर जाते, ‘आलो!’ हिंदी घरात ‘आया!’ आणि इंग्रजी घरातही ‘येतोय’ याच अर्थाचे क्रियापद. स्पॅनिश घरातले उत्तर मात्र ‘व्हॉय’, म्हणजे शब्दशः ‘जातो’. प्रसंग तोच आणि चार पावलांचे अंतरही तेच असताना दिशा उलटी का झाली? या धाग्यात त्याचा उलगडा करू.

२/ ‘येणे’ या क्रियापदाला एक खुंटा लागतो. हालचाल त्या खुंट्याकडे होत असेल तर ‘येणे’, एरवी ‘जाणे’. खुंटा कोठे रोवायचा, हे प्रत्येक भाषा आपापले ठरवते. आजच्या स्पॅनिशमध्ये तो बोलणाऱ्याच्या पायाशी असतो. मी जेथे उभा आहे तेथे कोणी पोहोचणार असेल तरच ‘व्हेनीर’ (येणे). मी स्वयंपाकघरात नाही, म्हणून तिकडे मी ‘जातो’. मराठीत हा खुंटा ऐकणाऱ्याच्या पायाशीही रोवता येतो. हाक मारणारी आई स्वयंपाकघरात आहे, म्हणून तिकडे मी ‘येतो’.

३/ भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९७१ साली सांताक्रूझ येथे दिलेल्या व्याख्यानांत इंग्रजीतील ‘येणे’ असेच उकलून दाखवले. पोहोचण्याच्या ठिकाणी बोलणारा किंवा ऐकणारा असावा. पण तो कधी तेथे असावा? बोलण्याच्या क्षणी असला तरी चालतो, पोहोचण्याच्या क्षणी असला तरी चालतो. मराठीलाही हे लागू पडते. ‘उद्या कचेरीत ये, मी तिथे असेन’ असे आपण घरी बसूनही म्हणतो. बोलताना कचेरीत कोणीच नसते. खुंटा उद्याच्या ‘मी’ला बांधलेला असतो.

४/ एक उदाहरण पाहू. मी पुण्यात आहे आणि माझा मित्र नाशकात. त्याला मी सांगतो, ‘उद्या नाशिकला येतो.’ पुण्यातल्याच शेजाऱ्याला मात्र सांगतो, ‘उद्या नाशिकला जातो.’ प्रवास एकच, ऐकणारा बदलला म्हणून क्रियापद बदलले. नाशिकच्या मित्रालाच ‘उद्या नाशिकला जातोय’ म्हटले, तर त्याला चटकन वाटेल की हा गावात येणार खरा, पण माझ्याकडे नव्हे. स्पॅनिश माणूस दोघांनाही ‘जातो’ असेच सांगेल, आणि त्यात कोणाला परकेपणा जाणवणार नाही.

५/ वस्तू सोबत असली तरी नियम हाच. यजमानाला फोनवर आपण विचारतो, ‘येताना काही आणू का?’ स्पॅनिश पाहुणा ‘काही नेऊ का?’ या अर्थाचे ‘येव्हार’ हे क्रियापद वापरतो. त्या भाषेत आणण्यासाठी ‘त्राएर’ आहे. लॅटिनमध्ये त्याचे मूळ ‘खेचणे’ या अर्थाचे, तर ‘येव्हार’चे मूळ ‘उचलणे’ या अर्थाचे. म्हणजे दिशेचा अर्थ त्या धातूंत मुळात नव्हता, तो पुढे चिकटला.

६/ मराठीची जोडी वेगळ्या रीतीने घडली. संस्कृतात ‘नी’ धातू एकच. ‘नयति’ म्हणजे नेतो. त्याला ‘आ’ हा उपसर्ग जोडला की ‘आनयति’, आणतो. ‘गच्छति’ आणि ‘आगच्छति’ हीसुद्धा याच साच्यातली जोडी. दिशा उलटवण्याचे सारे काम तो एकाक्षरी ‘आ’ करतो.

७/ आता ‘नेणे’ आणि ‘आणणे’ शेजारी ठेवून पाहा. एकात ‘न’ आहे, दुसऱ्याच्या धातूत ‘ण’. दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा ‘न’ मराठीत ‘ण’ होऊन येतो. हिंदीचे ‘पानी’ आपले ‘पाणी’, तिकडचा ‘जन’ आपला ‘जण’. शब्दाच्या आरंभीचा ‘न’ मात्र ‘न’च राहतो. म्हणून ‘आणणे’मधला तो ‘ण’ हा पुरावाच ठरतो. या ‘न’च्या आधी कोणे एके काळी एक स्वर येऊन बसला होता, तोच उपसर्ग ‘आ’. आज कोणालाही ‘आणणे’ हा जोडशब्द वाटत नाही. सांधा पुरता बुजला आहे.

८/ हिंदीने निराळा मार्ग धरला. अवधीत ‘आनना’ आहे, पण आजच्या प्रमाण हिंदीत त्या जागी ‘लाना’ आहे. ‘लाना’ म्हणजे ‘ले आना’, घेऊन येणे, याचे आकसलेले रूप. नेण्यासाठी तर ‘ले जाना’ असे दोन शब्द अजून सुटे दिसतात.

९/ हा सांधा बुजला तरी व्याकरणाने त्याची खूण जपली आहे. हिंदीत ‘राम ने किताब पढ़ी’ असे म्हणतात, पण ‘राम किताब लाया’. येथे ‘ने’ नाही, आणि किताब स्त्रीलिंगी असूनही क्रियापद रामाप्रमाणेच चालते. कारण ‘लाया’च्या पोटात ‘आया’ लपला आहे, आणि ‘आया’ अकर्मक आहे. त्याला ‘ने’ चालत नाही. ‘राम किताब ले गया’ याचीही तीच गोष्ट. मराठीत ‘आणणे’ अस्सल सकर्मक, म्हणून ‘रामाने पुस्तक आणले’. हिंदीभाषक मराठी शिकताना ‘राम पुस्तक आणला’ असे म्हणून जातो, त्याचे कारण येथे सापडते.

१०/ मग निरोप घेताना आपण ‘येतो’ का म्हणतो? पाऊल तर उंबऱ्याबाहेर पडत असते. नुसते ‘जातो’ आपल्याकडे अशुभ मानले जाते, कारण ते कायमच्या जाण्यासाठीही वापरतात. म्हणून ‘जाऊन येतो’, आणि त्यातला पहिला अर्धा गळून ‘येतो’. तमिळ आणि कन्नड घरांतही ‘जाऊन येतो’ याच अर्थाचे शब्द उच्चारून निरोप घेतात. येथेही खुंटा बदललेला नाही. वाक्य आजच्या जाण्याविषयी नसून पुढच्या येण्याविषयी आहे.

११/ इतिहासाच्या वाचकाला याचा उपयोग काय? समजा, हाती एक जुने पत्र आहे. स्थळाचा कोपरा फाटलेला, आणि मजकूर एवढाच : ‘कागद घेऊन नाशकास यावे.’ मोह असा होतो की लिहिणारा नाशकातच बसला आहे असे मानावे. पण मराठी ‘येणे’ तेवढी हमी देत नाही. तो नाशकात असेल, किंवा ठरल्या दिवशी तेथे पोहोचणार असेल. ‘कागद घेऊन नाशकास येतो’ असे असेल तर उलट नाशकात वाचणारा असण्याचा संभव अधिक.

१२/ म्हणून ‘यावे’ आणि ‘आणावे’ यांवरून लेखकाचे स्थान ठरवताना ‘येथे’ आणि ‘तेथे’ हे शब्द आधी शोधावेत. ‘येथे’ लिहिणाऱ्याच्या जागेला घट्ट बांधलेले असते. ‘येणे’ मात्र दोघांत वाटून घेतलेले असते. ‘इकडील क्षेम’ असे लिहिणारा कोठे आहे हे तो शब्द सांगतो, आणि ‘येतो’ म्हणणारा कोणाकडे निघाला आहे एवढेच त्या क्रियापदावरून कळते.