‘अंगावरून पांढरं जातं’ : एका तक्रारीचा इतिहास

वाचकहो, आपल्या घरांतल्या जुन्या बायका काही दुखणी मोठ्याने सांगत नसत. स्वयंपाकघराच्या दारात, आवाज खाली घेऊन, दुसऱ्या एखाद्या बाईलाच ती सांगितली जात. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे त्यांतलेच एक वाक्य. ते सहसा एकटे येत नाही. कंबर धरते, हातापायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, केर काढून झाला तरी दमायला होते, ही सगळी लटांबळ त्याच्यामागोमाग येते. या एका वाक्याचा अर्थ गेल्या साठ वर्षांत डॉक्टरांनी तीन वेळा तीन प्रकारे लावला. पहिल्या दोन वेळी काय निसटले आणि तिसऱ्या वेळी ते कसे सापडले, हे या लेखात आपल्यापुढे ठेवायचे आहे.

प्रथम या तक्रारीमागची कल्पना पाहू. आयुर्वेदात शरीर रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा आणि शुक्र अशा सात धातूंनी धरलेले आहे, आणि पांढऱ्या स्रावाच्या विकाराला श्वेतप्रदर असे नाव आहे. शास्त्रातली ही मांडणी लोकांच्या तोंडी आली तेव्हा सोपी झाली. अंगातले सत्त्वच झरते आहे, हाडे आतून झिजत आहेत, म्हणून शक्ती जाते, असे अनेक घरांत मानले गेले. पुरुषांच्या बाबतीत हीच समजूत वीर्यनाशाच्या भीतीच्या रूपाने दिसते. १९६० साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी तिला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. लघवीवाटे धातू जातो या धास्तीने थकलेले, झोप उडालेले, निराश झालेले तरुण त्यांच्यापुढे येत असत.

त्याच दशकात हाँगकाँगमधील मनोविकारतज्ज्ञ पी. एम. याप यांनी अशा दुखण्यांसाठी ‘कल्चर-बाउंड सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली. आपण तिला संस्कृतिबद्ध व्याधी म्हणू. या संज्ञेमुळे डॉक्टरांना एक गोष्ट कळली : पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात न बसणारे दुखणेही खरे असू शकते. पण तिच्यात एक खोडही होती. अशा व्याधींची यादी होत गेली, आणि त्या दूरच्या लोकांच्या चमत्कारिक चालीरीती वाटू लागल्या. मुळात वीर्यनाशाची भीती एकट्या भारताची नव्हती. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले डॉक्टरही तिच्यावर ग्रंथ लिहीत होते. तिकडे ती ओसरली, इकडे टिकली, इतकेच. तरी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या १९९४ सालच्या निदान-ग्रंथात ‘धात’ हा शब्द परिशिष्टात, अशा इतर शब्दांच्या रांगेत जाऊन बसला. यादी पाहणारा डॉक्टर रोगाचे नाव शोधतो. समोरचे माणूस त्या शब्दांतून काय सांगू पाहते, हा प्रश्न यादीतून सुटत नाही.

तो प्रश्न गोव्याच्या शेजारच्या राज्यातच नीट विचारला गेला. मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी दक्षिण कानडा जिल्ह्यातील हव्यक ब्राह्मण स्त्रियांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९८१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे तर, व्यथेलाही बोली असते. घरात सासुरवास, कर्ज, एकटेपणा असेल तर ते उघड बोलण्याची मुभा प्रत्येकीला नसते. मात्र दुखणे सांगण्याची मुभा असते. उपास, सोवळे, अंगात येणे, औषधपाणी आणि शरीराच्या तक्रारी हे सगळे त्या बोलीचे शब्द होत. आता दुखणे म्हणजे बाईने घेतलेले सोंग, असा याचा अर्थ घेऊ नये. कंबर खरोखरच दुखत असते.

पण या बोलीची चर्चा वाढण्याआधी, आणखी एक अन्याय उघड व्हायचा होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्यांपैकी निम्म्या दुखण्यांचे कारण जननमार्गातील संसर्ग होते. पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. बायकांच्या ‘तसल्या’ तक्रारींकडे दुर्लक्ष करण्याची सवय या आकड्यांनी मोडली. बाई सांगते ते मनाचे खेळ आहेत, असे न तपासता म्हणणे ही पहिली चूक होती, आणि ती या अभ्यासाने दाखवून दिली.

दुसरी चूक नव्वदच्या दशकात, चांगल्या हेतूनेच झाली. गावोगाव प्रयोगशाळा नव्हत्या आणि एड्सचे भय वाढत होते. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणांवरून उपचार ठरवण्याची पद्धत सुचवली. तक्ता सोपा होता : बाई स्रावाची तक्रार करते, तर संसर्ग गृहीत धरा आणि प्रतिजैविके द्या. लैंगिक संसर्गाचा संशय असेल तर नवऱ्यालाही औषध द्या. पुढे आपल्याकडे त्यासाठी रंगीत संच आले. स्रावाच्या तक्रारीसाठीच्या हिरव्या संचात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल या गोळ्या असत. पुरुषांच्या मूत्रमार्गातून येणारा स्राव किंवा जननेंद्रियावरची जखम यांसारख्या तक्रारींसाठी ही पद्धत बरी चालली. पांढऱ्या स्रावाच्या बाबतीत मात्र ती डळमळीत ठरली, कारण स्राव काही प्रमाणात प्रत्येक निरोगी स्त्रीला असतो. शिवाय ‘नवऱ्यालाही गोळी’ हे शब्द घरी नेणे म्हणजे काय, हे ज्या बाईला न्यावे लागते तिलाच ठाऊक. तिच्यावर किंवा नवऱ्यावर संशयाचे बोट उठते, आणि संसर्ग नसेल तर ते विनाकारण उठते.

हे किती वेळा विनाकारण होत असेल, याचा हिशोब गोव्यात झाला. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून उत्तर गोव्यातील सामान्य वस्तीतल्या स्त्रियांचा अभ्यास केला. निवडलेल्या ३००० जणींपैकी २४९४ जणींनी भाग घेतला. त्यांच्या तक्रारी नोंदल्या, मनःस्थितीची आणि घरच्या परिस्थितीची विचारपूस केली, आणि स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत संसर्गाच्या तपासण्या केल्या. साधारण दर सात जणींमागे एकीने अस्वाभाविक स्रावाची तक्रार केली. लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग मात्र १०० मध्ये सुमारे ४ जणींनाच होता. स्रावाच्या तक्रारीचा बळकट संबंध निघाला तो खिन्नता-चिंतेच्या लक्षणांशी आणि इतर अनेक शारीरिक तक्रारींशी. ‘हे कशामुळे होते?’ असे विचारल्यावर कित्येक बायकांनी स्वतःच ताणाचे नाव घेतले, कित्येकींनी अंगातली उष्णता सांगितली. म्हणजे कारण त्यांना ठाऊक होते. डॉक्टरने विचारले नव्हते.

याच स्त्रियांमध्ये दीर्घकाळच्या थकव्याचाही अभ्यास झाला. सुमारे १२ टक्के जणींना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. आपण अशा वेळी पटकन ‘रक्त कमी असेल’ म्हणतो. पण रक्तातील हिमोग्लोबिनचा आणि त्या थकव्याचा संबंध सापडला नाही. सापडला तो कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या जुलमाशी आणि मनःस्थितीशी.

आता हे ज्ञान दवाखान्यात कसे वापरायचे, ते एका कल्पित बाईच्या निमित्ताने पाहू. वय ३६, दोन मुले, नवरा बोटीवर नोकरीला. दोन वर्षांत तीन वेळा गोळ्यांचा कोर्स झाला आहे आणि तक्रार तशीच आहे. सोबत सासूबाई आहेत. जाणता डॉक्टर प्रथम सासूबाईंना बाहेर बसायची विनंती करतो. मग तपासणी, कारण तपासल्यावाचून पुढचे काहीच बोलता येत नाही. स्रावाला वास आहे का, खाज आहे का, रंग हिरवट किंवा दह्यासारखा आहे का, ओटीपोट दाबल्यावर दुखते का, रक्त लागते का, हे तो पाहतो. गर्भाशयमुख पाहून कर्करोगाची चाचणी करतो. स्रावाची आम्लता मोजतो. या वयात ती ४.५ पीएचपर्यंत असणे स्वाभाविक. त्याहून वर गेली तर संसर्गाचा संशय धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. या बाईच्या बाबतीत सगळे नीट निघाले.

नेमकी इथेच पूर्वी भेट संपायची. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून बाई खोटी ठरायची आणि दुसऱ्या दवाखान्यात जायची. आता डॉक्टर उलट विचारतो : तुम्ही या त्रासाला काय म्हणता? तो कशामुळे सुरू झाला असे तुम्हाला वाटते? यातून पुढे काय होईल अशी भीती आहे? तुमच्या मते काय केल्याने बरे वाटेल? अशा प्रश्नांची पद्धत आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडली. अमेरिकन निदान-ग्रंथाच्या २०१३ सालच्या आवृत्तीत जुन्या यादीऐवजी व्यथेच्या सांस्कृतिक संकल्पना आल्या आणि मुलाखतीसाठी सोळा प्रश्न दिले गेले, ते याच वळणाचे आहेत.

बाई म्हणते, हाडे झिजत आहेत, आईचेही असेच होऊन ती अंथरुणाला खिळली. मग हळूहळू कळते, घराचे कर्ज आहे, नवऱ्याचा फोन येईनासा झाला आहे, पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही. ही उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक आहे, म्हणून जगणे नकोसे वाटते का, हेही डॉक्टर थेट विचारतो. मग तो तिला सांगतो की स्राव महिन्याच्या चक्राप्रमाणे बदलतो, त्याने हाडे झिजत नाहीत. पण झोप आणि चिंता यांनी अंग खरोखर दुखते, आणि त्याला उपचार आहे. ‘मानसिक’ हा शब्द तो पहिल्याच दिवशी तिच्या माथी मारत नाही. कंबरेसाठी व्यायाम, झोपेसाठी समुपदेशन आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेट, इतके ठरते. पुढे गरज पडली तर खिन्नतेवरचे औषध.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. ताण आहे म्हणून संसर्ग नाही, असे कधीच म्हणता येत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. गोव्यातल्या अभ्यासाने समाजातला कल दाखवला, समोरच्या एकीचे निदान त्यावरून होत नाही. वास, खाज, ताप, ओटीपोटाचे दुखणे, संबंधानंतर रक्त, किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणे, यांपैकी काही असेल तर तपासणी तातडीची आहे. गडचिरोलीने शिकवलेले गोव्याने पुसून टाकलेले नाही. दोन्ही धडे एकत्रच वाचावे लागतात.

वाचकहो, हे वाक्य आपल्या घरातही कधी ना कधी उच्चारले गेले असेल, आणि बहुधा ‘बायकांचे चालायचेच’ असे उत्तर त्याला मिळाले असेल. पुढच्या खेपेस कोणी ते बोलली, तर तिला तपासणीला न्या. आणि परत येताना वाटेत, घाई न करता, तिला झोप कशी लागते ते विचारा.