बेरीज जुळते, तरी उत्तर चुकते : ओव्हरहेड वाटणीच्या मोठ्या गणितासाठी तपासणी-टिपण

सरावपरीक्षेचे पेपर तपासताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ओव्हरहेडच्या मोठ्या गणितात मुले बहुतेक वेळा सूत्राला अडत नाहीत. चूक होते ती सूत्रापर्यंत पोहोचण्याआधी, नाहीतर सूत्र संपल्यावर. शेवटी तक्त्याची बेरीज जुळली की विद्यार्थी समाधानाने पान उलटतो. या गणितातल्या सर्वांत महागड्या चुका मात्र बेरजेला धक्काही लावत नाहीत. म्हणून हे टिपण एका गणिताच्या आधाराने लिहितो आहे. सोडवताना ते शेजारी ठेवा.

गणित आपल्याच भागातले घेऊ. आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्या लागल्या की तो माल कुठे जातो ते तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. जिनिंगमध्ये डबल रोलर जिन सरकी आणि रुई वेगळी करतात, आणि प्रेसमध्ये त्या रुईची 170 किलोची गाठ बांधली जाते. हे दोन उत्पादन विभाग. वर्कशॉप आणि स्टोअर हे दोन सेवा विभाग. वर्कशॉपमध्ये रोलरला खाचा पाडणे, बेअरिंग बदलणे अशी कामे चालतात, आणि सुटे भाग स्टोअर देते. पुढचे आकडे शिकवण्यासाठी रचलेले आहेत, कोणत्याही खऱ्या कारखान्याचे नाहीत.

| बाब | जिनिंग | प्रेसिंग | वर्कशॉप | स्टोअर |
|---|---|---|---|---|
| जागा (चौ. फूट) | 6,000 | 2,000 | 1,200 | 800 |
| यंत्रांची किंमत (लाख ₹) | 60 | 90 | 8 | 2 |
| अश्वशक्ती | 200 | 150 | 10 | – |
| चालू तास | 2,000 | 600 | 1,000 | – |
| कामगार | 60 | 20 | 12 | 8 |
| प्रत्यक्ष मजुरी (₹) | 9,00,000 | 3,00,000 | 90,000 | 1,26,000 |

याशिवाय वर्कशॉपला लागलेला प्रत्यक्ष माल 34,000 रुपयांचा. सामाईक खर्च असे : भाडे 2,00,000, घसारा 16,00,000, वीजबिल 10,00,000 आणि कामगार-कल्याण 1,00,000. वर्कशॉपच्या कामापैकी 60 टक्के जिनिंगला, 30 टक्के प्रेसिंगला, 10 टक्के स्टोअरला. स्टोअरच्या कामापैकी 50 टक्के जिनिंगला, 30 टक्के प्रेसिंगला, 20 टक्के वर्कशॉपला. हंगामात 12,000 गाठी अपेक्षित आहेत.

पहिली तपासणी : तक्त्यात काय यायला हवे? 'प्रत्यक्ष' हा शब्द दिसला की मुले ती ओळच सोडून देतात. जिनिंग आणि प्रेसिंगच्या बाबतीत ते बरोबर आहे. त्यांची मजुरी थेट मालावर पडते, ओव्हरहेडमध्ये येत नाही. वर्कशॉपमधला फिटर मात्र कुठलीच गाठ बांधत नाही. त्याची मजुरी त्या विभागापुरती प्रत्यक्ष असली, तरी कारखान्याच्या दृष्टीने ती अप्रत्यक्षच. म्हणून सेवा विभागांची मजुरी आणि माल वाटणी न करता, पूर्ण रकमेने, त्या-त्या विभागाखाली थेट लिहायचा : वर्कशॉपखाली 1,24,000 आणि स्टोअरखाली 1,26,000. हे सोडले तर 2,50,000 रुपये गणितातून निघून जातात, म्हणजे गाठीमागे जवळजवळ 21 रुपये. तक्ता तरीही आडवा-उभा जुळतो, कारण जे लिहिलेच नाही ते बेरजेत कुठून दिसणार? यावर उपाय एकच. प्रश्नातल्या प्रत्येक रकमेसमोर पेन्सिलीने खूण करा : तक्त्यात घेतली, आधार म्हणून वापरली, की मुद्दाम सोडली. खूण नसलेली रक्कम एकही राहू नये.

दुसरी तपासणी : आधार. भाडे जागेवर, घसारा यंत्रांच्या किमतीवर, कामगार-कल्याण कामगारसंख्येवर, एवढे सगळ्यांना येते. अडचण विजेची आहे. 'अश्वशक्ती' हा शब्द दिसताच मुले 200 : 150 : 10 असे बिल वाटतात. पण अश्वशक्ती म्हणजे मोटरची ताकद. ती किती वेळ चालली हे त्यात येत नाही. प्रेसची मोटर मोठी असली तरी ती 600 तासच चालते, जिन मात्र 2,000 तास फिरतात. म्हणून अश्वशक्तीला तासांनी गुणायचे : 4,00,000, 90,000 आणि 10,000. बिलाचे भाग पडतात 8,00,000, 1,80,000 आणि 20,000. तास दिलेच नसतील तर अश्वशक्ती पुरेशी. दिले असतील तर ते वापरण्यासाठीच दिलेले असतात.

एवढे झाल्यावर प्राथमिक वाटणी पूर्ण होते. जिनिंग 15,80,000, प्रेसिंग 11,40,000, वर्कशॉप 2,60,000, स्टोअर 1,70,000. एकूण 31,50,000. हा आकडा पानाच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवा. पुढे तो दोनदा लागेल.

तिसरी तपासणी : सेवा विभागांची देवघेव. वर्कशॉप स्टोअरला सेवा देते आणि स्टोअर वर्कशॉपला, म्हणून एकाचा पूर्ण खर्च दुसऱ्याशिवाय कळत नाही. वर्कशॉपचा पूर्ण खर्च x आणि स्टोअरचा y धरला तर,

```
x = 2,60,000 + 0.20y
y = 1,70,000 + 0.10x
```

दुसरे समीकरण पहिल्यात घातले की 0.98x = 2,94,000. म्हणजे x = 3,00,000 आणि y = 2,00,000.

इथे दोन गोष्टी घडतात. पहिली, x + y ची बेरीज 5,00,000 येते, आणि सेवा विभागांचा मूळ खर्च तर 4,30,000. हे पाहून चांगले विद्यार्थीसुद्धा बरोबर आलेले उत्तर खोडतात. खोडू नका. त्यातले 70,000 रुपये एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे गेल्यामुळे दोनदा मोजले गेले आहेत : 30,000 स्टोअरकडे, 40,000 वर्कशॉपकडे. उत्पादन विभागांकडे जाताना ते आपोआप गळतात. दुसरी चूक जास्त वाईट. समीकरण नीट सोडवून मुले टक्के मात्र जुन्या 2,60,000 वर लावतात. टक्के नेहमी x आणि y वर लावायचे. जिनिंगला 1,80,000 आणि 1,00,000, प्रेसिंगला 90,000 आणि 60,000. शेवटी जिनिंग 18,60,000, प्रेसिंग 12,90,000. बेरीज 31,50,000, चौकटीतला आकडा.

प्रश्नात पायऱ्यांची पद्धत मागितली असेल तर वर्कशॉप आधी बंद करा. ते 26,000 स्टोअरला देईल आणि स्टोअरचे 1,96,000 होतील. आता वर्कशॉप बंद झाले आहे, त्याला परत काही जाणार नाही. म्हणून स्टोअरची वाटणी 50 : 30 म्हणजे 5 : 3 अशी करायची. 50 आणि 30 टक्के तसेच लावले तर 39,200 रुपये हवेत राहतात. ही चूक बेरजेत सापडते, म्हणून तिची मला फारशी काळजी नाही.

चौथी तपासणी : भागायचे कशाने? जिनिंगचा दर मशीन-तासावर मागितला आहे आणि कारखान्यात 24 जिन आहेत. पुष्कळ जण 18,60,000 ला 2,000 ने भागून 930 रुपये लिहितात. तो सबंध विभागाचा तासाचा खर्च झाला, एका जिनचा नव्हे. 24 जिन गुणिले 2,000 म्हणजे 48,000 मशीन-तास, आणि दर 38.75 रुपये. प्रेसचा दर गाठीवर काढायचा : 12,90,000 भागिले 12,000, म्हणजे 107.50 रुपये.

आता पडताळणी. 12,000 गाठींना 48,000 मशीन-तास, म्हणजे एका गाठीला 4 तास. जिनिंगचे 155 आणि प्रेसिंगचे 107.50 मिळून 262.50 रुपये. चौकटीतल्या 31,50,000 ला 12,000 ने भागले तरी तेच. ही पडताळणी हर, टक्के आणि वाटताना सुटलेले तुकडे, तिन्ही पकडते. परीक्षेत वेळ कमी असला तरी ती टाळू नका.

ती काय पकडत नाही, हेही सांगायला हवे. समजा, वीजबिल नुसत्या अश्वशक्तीवर वाटले. सगळे गणित पुन्हा केले तर जिनिंगचा दर 38.75 वरून सुमारे 33.76 वर येतो आणि प्रेसचा 107.50 वरून सुमारे 127.44 वर जातो. गाठीचा एकूण ओव्हरहेड मात्र तोच, 262.50. प्रत्येक गाठ दोन्ही विभागांतून जात असल्यामुळे एकीकडची तूट दुसरीकडे भरून निघते. पण हाच कारखाना दुसऱ्या व्यापाऱ्याचा कापूस फक्त जिन करून देऊ लागला, तर एका गाठीइतक्या रुईमागे तो सुमारे 20 रुपये कमी आकारेल. बाहेरची सुटी रुई फक्त बांधून द्यायची झाली, तर तेवढेच जास्त मागेल आणि गिऱ्हाईक शेजारच्या प्रेसकडे जाईल. कारखान्याच्या मालकाला हा तोटा ताळेबंदात कुठेच वेगळा दिसणार नाही. म्हणून आधाराची चूक मी बेरजेच्या चुकीपेक्षा मोठी धरतो आणि तिचे गुणही जास्त कापतो. तिची तपासणी आकड्यांतून होत नाही. प्रत्येक ओळीपुढे 'हा खर्च कशामुळे वाढतो?' याचे उत्तर दोन शब्दांत लिहूनच ती होते.

पाचवी तपासणी : दर कोणत्या उत्पादनावर काढला? आपल्याकडचे काम हंगामी. पाऊस बिघडला किंवा बोंडअळी आली की कापूस कमी येतो. समजा, 12,000 ऐवजी 10,000 गाठी झाल्या आणि प्रेसचा खर्च 12,90,000 च राहिला. तर मुले दर नव्याने काढून 129 रुपये लिहितात. पण स्थिर उत्पादन ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर आकारायचा, असे कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड 3 सांगते, आणि इथे नेहमीची क्षमता 12,000 गाठींची आहे. प्रेसच्या खर्चात घसारा सर्वांत मोठा आहे, म्हणून सोपेपणासाठी सगळाच खर्च स्थिर धरू. दर 107.50 च राहतो, आकारणी होते 10,75,000, आणि 2,15,000 रुपये कमी आकारले जातात. ही तूट यंत्रे रिकामी राहिल्यामुळे आलेली आहे. पूरक दर काढून ती गाठींवर लादायची नाही, कॉस्टिंगच्या नफातोटा खात्यात न्यायची. दर चुकीच्या अंदाजामुळे कमी निघाला असता, तर पूरक दर योग्य ठरला असता. दोन्हींत फरक कारणाचा आहे, म्हणून उत्तरात आकड्याच्या आधी कारण लिहा.