नवा फ्रिज घरी आला, पण लगेच सुरू करायचा का? पहिल्या दिवशी काय नॉर्मल आणि काय नाही?

टेम्पोतून फ्रिज उतरला, खोकं फुटलं, फोटो स्टेटसला गेला. आता प्लग लावायचा आणि दूध-भाजी आत ठेवायची, एवढंच उरलं असं वाटतं. पण पहिल्याच दिवशी तक्रारी सुरू होतात. 'चार तास झाले तरी थंड होत नाही', 'बाजूचा पत्रा तापलाय', 'आतून पाणी उकळल्यासारखा आवाज येतोय', 'प्लास्टिकचा वास येतोय'.

यातल्या बहुतेक गोष्टी बिघाड नसतात. काही मात्र असतात, आणि त्या पहिल्या दिवशीच ओळखता आल्या तर फ्रिज बदलून मिळणं सोपं जातं.

आधी एक प्रश्न: जुना फ्रिज आजच जाणार आहे का?

एक्स्चेंज ऑफरमध्ये नवा फ्रिज आणणारी माणसंच जुना उचलून नेतात. नवा फ्रिज सुरू करण्याआधीची वाट आणि नंतर तो थंड व्हायला लागणारा वेळ धरला, तर घरात अर्धा ते दीड दिवस फ्रिजच नसतो. उन्हाळ्यात दूध, मासे, भिजवलेलं पीठ एवढा वेळ टिकत नाही. म्हणून डिलिव्हरीच्या आदल्या दिवसापर्यंत जुना फ्रिज शक्य तेवढा रिकामा करा.

घरात कुणाला इन्सुलिन लागत असेल तर जास्त काळजी घ्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावं लागतं आणि ते गोठलं तर वापरता येत नाही. ते दोन दिवस शेजाऱ्यांकडे ठेवा. नव्या फ्रिजचं तापमान स्थिर झाल्याची खात्री होईपर्यंत परत आणू नका.

पॅकिंग काढताना काय सुटतं?

खोकं आणि वरचं थर्माकोल सगळेच काढतात. राहून जातात त्या छोट्या गोष्टी. फ्रिजच्या बुडाखालचा थर्माकोलचा तुकडा, ड्रॉवर आणि काचेच्या शेल्फना लावलेली टेप, शेल्फच्या कडांमधले फोमचे तुकडे, मागच्या वायरला बांधलेली पट्टी, दारावरची पातळ फिल्म. मागच्या बाजूला कॉम्प्रेसरच्या वर पाणी साचण्याचा छोटा ट्रे असतो, काही मॉडेलमध्ये त्यालाही टेप असते. यातलं काही आत राहिलं तर ते थरथरतं आणि 'फ्रिज आवाज करतोय' अशी तक्रार होते.

टेपचा चिकटपणा खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघतो. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, प्लास्टिक खराब होतं. कात्री-सुरी मागच्या नळ्यांपासून लांब ठेवा. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये R600a हा ज्वलनशील गॅस असतो. त्याचं नाव मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

पॅकिंग काढताना व्हिडिओ काढा. पोचा किंवा ओरखडा दिसला तर डिलिव्हरीवाल्यासमोरच पावतीवर लिहून घ्या. खोकं आणि थर्माकोल चार-पाच दिवस जपून ठेवा.

उभा करून थांबायचं कशासाठी?

फ्रिजच्या मागे खाली जो काळा डबा दिसतो तो कॉम्प्रेसर. त्याच्या तळाशी तेल असतं. तेच आतल्या फिरत्या भागांना वंगण पुरवतं. फ्रिज आडवा झाला किंवा खूप कलला तर हे तेल तळ सोडून नळ्यांमध्ये शिरतं. त्याच अवस्थेत फ्रिज सुरू केला तर कॉम्प्रेसरला तेल कमी पडतं. शिवाय गॅस ज्या अत्यंत बारीक नळीतून जातो, तिथे तेल अडकून गारवा येत नाही. फ्रिज उभा ठेवला की तेल स्वतःच्या वजनाने हळूहळू परत खाली येतं.

फ्रिज उभाच आला असेल तर साधारण २ ते ४ तास पुरतात. आडवा आला असेल तर जितका वेळ आडवा होता तितका वेळ तरी थांबा. किती वेळ आडवा होता हे माहीत नसेल तर रात्रभर, शक्य असल्यास २४ तास थांबलेलं बरं. मॅन्युअलमध्ये यापेक्षा जास्त वेळ सांगितला असेल तर तो पाळा. टेम्पोवाल्याला 'उभा आणला का आडवा?' हे विचारायला विसरू नका.

हा वेळ वाया जात नाही. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून आतून पुसून घ्या, कोरडं करा आणि दार उघडं ठेवा. पुढचे पाय फिरवून फ्रिजचा पुढचा भाग किंचित वर घ्या, म्हणजे दार आपोआप मिटतं. स्टँडवर ठेवत असाल तर तो हलत नाही ना, हे बघा. मागे आणि बाजूंना मॅन्युअलमध्ये सांगितलेली जागा सोडा. प्लग भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको.

पहिलं कूलिंग एवढं हळू का?

रोजच्या वापरात फ्रिज फक्त आत शिरलेली थोडी उष्णता बाहेर काढत असतो. पहिल्या दिवशी त्याला स्वतःलाच थंड व्हायचं असतं. गोदामात आणि टेम्पोत तापलेल्या भिंती, काचेची शेल्फं, प्लास्टिकचे ड्रॉवर, हे सगळं आधी गार व्हावं लागतं. म्हणून कॉम्प्रेसर काही तास न थांबता चालतो.

काढलेली उष्णता कुठेतरी सोडावी लागते. बऱ्याच मॉडेलमध्ये गरम गॅसच्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतून जातात. त्यामुळे बाजू आणि कधी दाराभोवतीची चौकट चांगलीच गरम लागते. हे नॉर्मल आहे. उलट, काही तासांनंतरही बाजू जराही कोमट नसतील आणि आतही गार नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

समजा, मे महिन्यात नागपुरात दुपारी १२ वाजता डबल डोअर फ्रिज आला. बाहेर ४२ अंश. टेम्पोत तो आडवा होता, किती वेळ ते कळलं नाही. घरच्यांनी तो पुसून, उभा करून रात्रभर तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता सुरू केला. सेटिंग मधलंच ठेवलं. अर्ध्या तासात फ्रीझरच्या आत हात घातल्यावर गारवा जाणवला, म्हणजे गॅस फिरतोय. त्यांनी मधल्या शेल्फवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात फ्रिजचा थर्मामीटर बुडवला. दुपारपर्यंत पाणी गार झालं, पण पुरेसं नाही. त्यामुळे त्यांनी आत काहीच ठेवलं नाही. रात्री अर्धा लिटर दूध आणि थोडी भाजी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्लासमधलं पाणी ४ अंशांवर होतं आणि बर्फ जमला होता. मग बाकीचं सामान आलं आणि इन्सुलिनही शेजारून परत आलं.

खालच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश हे गाठायचं लक्ष्य. त्यासाठी ६ ते २४ तास लागू शकतात. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो इतकं कमी तापमान दाखवतच नाही. दारावरच्या डिस्प्लेवरही विसंबू नका. अनेक मॉडेलमध्ये तो तुम्ही सेट केलेलं तापमान दाखवतो, आतलं खरं तापमान नाही.

हे कसले आवाज?

खळखळ किंवा बुडबुडे: नळ्यांमधून गॅस वाहतोय, काही ठिकाणी द्रवाचा वायू होतोय. कॉम्प्रेसर थांबल्यावरही हा आवाज थोडा वेळ येतो.

'टक्' किंवा 'कट्' असा तडकल्यासारखा आवाज: गार होताना आतलं प्लास्टिक आकसतं. पहिल्या दिवशी जास्त, नंतर कमी.

घूं घूं जी कधी वाढते, कधी कमी होते: इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग बदलतो. तो कमी वेगाने बराच वेळ चालत राहतो, म्हणून 'बंदच होत नाही' असं वाटतं.

'चर्र' आणि मग थेंब पडल्यासारखा आवाज: फ्रॉस्ट फ्री फ्रिजमधला हीटर साचलेलं हिम वितळवतो आणि पाणी त्यावर पडतं. हा आवाज बहुधा काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ऐकू येतो.

आणि वास?

नव्या प्लास्टिकला आणि दाराच्या रबराला वास असतो. मागे कॉम्प्रेसर पहिल्यांदा तापतो, तेव्हा त्यावरचा रंग-तेलाचाही हलका वास येतो. हा गॅस गळतीचा वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून उग्र वास मिसळतात, तसा R600a मध्ये मिसळलेला नसतो.

वास काही दिवसांत जातो. वाटीत खाण्याचा सोडा ठेवला तर मदत होते. तोवर लोणी, दूध, कणकेचा गोळा झाकूनच ठेवा, कारण हे पदार्थ वास पटकन धरतात.

फोन कधी करायचा?

काही सेकंद घरघर, मग 'कट्', आणि दर काही मिनिटांनी पुन्हा तेच. याचा अर्थ कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, पण होत नाहीये. व्होल्टेज कमी असलं तरी असं होतं, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून तेही तपासून घ्या. फ्रिज बंद करून लगेच चालू केला तरी हेच होऊ शकतं. बंद केल्यावर किमान ५ मिनिटं थांबून मगच चालू करा.

हाताला झिणझिण्या आल्या किंवा जळका वास आला तर फ्रिजला हात न लावता मेन स्विच बंद करा. फ्रिज चालू असूनही ६ ते ८ तासांत फ्रीझर गार झाला नाही, किंवा धातू आपटल्यासारखा आवाज सतत आला, तर सेटिंग वाढवून वाट बघू नका. आवाजाचा आणि थर्मामीटरचा व्हिडिओ काढा, वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. खरेदीच्या वेळी दिलेली बदलून देण्याची मुदत अनेकदा थोड्याच दिवसांची असते.