घरगुती सीसीटीव्ही रेकॉर्डरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग

घरगुती सीसीटीव्ही रेकॉर्डरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग ही राउटरमध्ये करावयाची एक योजना असून तिच्यामुळे घरातील कॅमेऱ्यांचे चित्रण इंटरनेटद्वारे बाहेरून पाहता येते. राउटरच्या सार्वजनिक पत्त्यावरील ठरावीक पोर्टकडे येणारी जोडणी या योजनेत थेट रेकॉर्डरकडे वळवली जाते. जोडणी कोणाकडून आली आहे, याची तपासणी राउटर सहसा करत नाही. त्यामुळे मालकाप्रमाणेच इंटरनेटवरील कोणालाही रेकॉर्डरपर्यंत पोहोचता येते.

## पार्श्वभूमी

घरातील संगणक, भ्रमणध्वनी व रेकॉर्डर यांना राउटर खासगी पत्ते देतो. हे पत्ते घरापुरतेच मर्यादित असतात आणि बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा सार्वजनिक पत्ता दिसतो. घरातून बाहेर गेलेल्या विनंतीचे उत्तर राउटर योग्य उपकरणाकडे पोहोचवतो. मात्र बाहेरून आपणहून आलेली जोडणी कोणत्या उपकरणासाठी आहे, हे त्याला ठाऊक नसल्यामुळे तो ती टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम ही उणीव भरून काढतो.

## योजनेची पद्धत

उदाहरणादाखल, रेकॉर्डरचा खासगी पत्ता 192.168.1.64 असून त्याचे भ्रमणध्वनी अ‍ॅप ८००० क्रमांकाचे पोर्ट वापरते असे मानल्यास प्रथम हा पत्ता कायम केला जातो. तसे न केल्यास राउटर पुन्हा सुरू झाल्यावर रेकॉर्डरला वेगळा पत्ता मिळून नियम निरुपयोगी ठरू शकतो. त्यानंतर राउटरमध्ये पुढील नोंद केली जाते:

```
External Port : 8000
Internal IP   : 192.168.1.64
Internal Port : 8000
Protocol      : TCP
```

चाचणी घरच्या वाय-फायवरून न करता मोबाइल डेटावरून केली जाते, कारण अनेक राउटर घरातूनच स्वतःच्या सार्वजनिक पत्त्याकडे केलेली जोडणी परत आत वळवत नाहीत. सार्वजनिक पत्ता वेळोवेळी बदलत असल्यास, बदलत्या पत्त्याला कायम नाव देणारी डायनॅमिक डीएनएस सेवा वापरली जाते.

नियम अचूक असूनही जोडणी होत नसल्यास राउटरच्या स्थितीपानावरील `WAN IP` तपासला जातो. हा पत्ता 100.64.0.0 ते 100.127.255.255 या पल्ल्यात असल्यास सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. अशा वेळी बाहेरची जोडणी ग्राहकाच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही आणि घरच्या राउटरमधील कोणत्याही बदलाने ती पोहोचू शकत नाही.

## धोके

नियम लागू झाल्यावर संरक्षणाचा सारा भार रेकॉर्डरवर पडतो. जगभरातील पत्त्यांवरील उघडी पोर्टे स्वयंचलित प्रणाली सतत शोधत असतात. त्यामुळे ८००० ऐवजी 48000 सारखे बाह्य पोर्ट ठेवल्यास उपकरण सापडण्यास थोडा विलंब होतो, पण ते लपत नाही.

पहिला धोका मूळ पासवर्डचा आहे. २०१६ मध्ये पसरलेल्या मिराई या घातक प्रणालीने, कारखान्यातून आलेले नाव व पासवर्ड यांच्या साठहून अधिक जोड्या वापरून असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्या उपकरणांच्या साहाय्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला व अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. मिराईने टेलनेट या दूरस्थ प्रवेशाच्या मार्गाचा उपयोग केला होता. काही उपकरणांतील त्याचा पासवर्ड मालकाला नेहमीच्या वेब पानावरून बदलताच येत नव्हता.

दुसरा धोका रेकॉर्डरच्या फर्मवेअरमधील त्रुटींचा असून त्यापुढे बळकट पासवर्डही अपुरा पडतो. २०२१ मध्ये उघड झालेल्या `CVE-2021-36260` या त्रुटीमुळे हिकव्हिजनच्या अनेक उपकरणांवर, त्यांच्या वेब पोर्टपर्यंत पोहोचणाऱ्या कोणालाही पासवर्डशिवाय आज्ञा चालवता येत होत्या. अशा प्रवेशानंतर हल्लेखोर केवळ चित्रण पाहत नाही. रेकॉर्डर घराच्या जाळ्यातच असल्यामुळे तेथून इतर संगणकांकडेही वाट मिळते. कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले, तरी ते मालकाने रेकॉर्डरमध्ये भरेपर्यंत धोका कायम राहतो.

यूपीएनपी ही सुविधा चालू असल्यास रेकॉर्डर मालकाच्या नकळत स्वतःच राउटरमध्ये असे नियम निर्माण करू शकतो. म्हणून हाताने केलेल्या नोंदींबरोबर राउटरमधील यूपीएनपीची यादीही तपासणे आवश्यक असते.

## पर्याय

राउटरवर किंवा घरातील संगणकावर व्हीपीएन चालवल्यास रेकॉर्डरचे कोणतेही पोर्ट उघडावे लागत नाही. वायरगार्ड या व्हीपीएनचे एक यूडीपी पोर्ट उघडे असते, परंतु योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. मात्र वाटून दिलेल्या सार्वजनिक पत्त्यामागे हा उपायही थेट चालत नाही. निर्मात्याच्या क्लाउड सेवेत रेकॉर्डर स्वतः बाहेर जोडणी करतो. त्यामुळे तेथे पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही व वाटून दिलेला पत्ताही अडथळा ठरत नाही. परंतु चित्रणाच्या गोपनीयतेसाठी त्या कंपनीवर विसंबावे लागते.